रिपोर्टमधलं 'फंडल हाइट', 'फ्लोटिंग हेड', 'ग्रेड २' वाचून घाबरण्याआधी आठवडे बघा

रात्री पावणेअकराला माझ्या भाचीचे व्हॉट्सअॅपवर तीन फोटो आले. एक डॉक्टरांच्या कागदाचा, दोन सोनोग्राफीच्या रिपोर्टचे, आणि खाली मेसेज, "मावशी, पोट दोन आठवडे मागे आहे, डोकं तरंगतंय आणि वार ग्रेड २ झालीये, सासूबाई म्हणतायत वार पिकली, आता सिझरच." पहिलटकरीण, चौतिसावा आठवडा, नवरा दुसऱ्या गावाला नोकरीला. मी बावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या एएनसी ओपीडीत म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीत सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे नात्यातल्या झाडून सगळ्या बायकांचे रिपोर्ट माझ्याकडे येतात, आणि खरं सांगते, दहातल्या आठ वेळा घाबरवणारी गोष्ट रिपोर्टमध्ये नसतेच, तो शब्द आपल्या कानाला जसा लागतो त्यात असते. "फ्लोटिंग" म्हटलं की काहीतरी सुटून वाहत चाललंय असं वाटतं आणि "ग्रेड" म्हटलं की परीक्षेचा निकाल.

तर तिचाच रिपोर्ट घेऊन एकेक शब्द बघू.

## आधी आठवडे, मग बाकीचं

फंडल हाइट, प्रेझेंटेशन, फ्लोटिंग आणि ग्रेड, या चारही शब्दांना एकट्याने काही अर्थ नसतो. बाळ आडवं आहे ही बातमी २४ आठवड्यांना काहीच नाही आणि ३८ ला मोठी आहे. म्हणून मी तिला पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा नाही, पाळीचा. पाळी किती दिवसांनी यायची तुझी? म्हणाली, अडतीस-चाळीस दिवसांनी, कधीच वेळेवर नाही.

इथेच अर्धं कोडं सुटलं. आपल्याकडे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तिची पाळी १० जानेवारीची, म्हणून नऊ महिने सात दिवस धरून तारीख १७ ऑक्टोबर. पण हा हिशोब पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे असं धरून केलेला आहे. जिची पाळी अडतीस दिवसांची, तिचं बीज सुटतंच साधारण दहा दिवस उशिरा, म्हणजे गर्भ दहा दिवस उशिरा राहिला. बाळ मागे पडलेलं नाही, आपण मोजायला आधी सुरुवात केली.

हे नुसता अंदाज म्हणून सोडायचं नसतं, याचा पुरावा पहिल्या सोनोग्राफीत असतो. मी तिला म्हटलं, फाइल काढ आणि अगदी पहिला रिपोर्ट शोध. त्यात होतं, पाळीप्रमाणे ८ आठवडे १ दिवस, सोनोप्रमाणे ६ आठवडे ५ दिवस. बरोबर दहा दिवसांचा फरक. आणि डॉक्टरांनी तेव्हाच कार्डच्या कोपऱ्यात सुधारलेली तारीख २७ ऑक्टोबर लिहून ठेवली होती, फक्त बारीक अक्षरात, आणि आताच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये विचारलं "शेवटची पाळी कधी?" तर हिने १० जानेवारी सांगितलं, त्यांनी ते टाइप केलं, झालं.

सुरुवातीची सोनोग्राफी तारखेसाठी एवढी भरवशाची का, तर पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, तिथे चूक फार तर पाच-सात दिवसांची. नंतर मात्र कुणाचं बाळ आईवर जातं कुणाचं बापावर, कुणी गुटगुटीत कुणी किडकिडीत. त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख काढली तर ती तीन आठवडेसुद्धा चुकू शकते. म्हणून दर सोनोत प्रसूतीची नवी तारीख दिसली तरी ती बदलायची नसते. पहिल्या सोनोत एकदा ठरली ती ठरली.

म्हणजे हिचे खरे आठवडे ३४ नाहीत, ३२ आठवडे ४ दिवस. आता याच चष्म्यातून पुढचं वाचू.

## फंडल हाइट: पोटाच्या आतली उंची

गर्भाशयाच्या सगळ्यात वरच्या टोकाला फंडस म्हणतात. जांघांच्या मधे पुढे जे कडक हाड लागतं तिथपासून त्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे फंडल हाइट. काही डॉक्टर टेपने मोजून सेंटिमीटर लिहितात, काही नुसत्या हाताने चाचपून "गर्भाशय ३२ आठवडे" असं लिहितात. दोन्ही पद्धती चालतात.

हाताच्या पद्धतीत शरीरावरच्याच खुणा वापरतात. बारा आठवड्यांना गर्भाशय त्या हाडाच्या जरा वर लागायला लागतं, चोविसाला बेंबीपर्यंत येतं, छत्तिसाला छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला टेकतं. तेव्हा बायका म्हणतात ना, जेवण जात नाही, दम लागतो, ते यामुळेच. आणि गंमत म्हणजे चाळिसाव्या आठवड्याला ते परत खाली उतरून बत्तिसाच्या खुणेवर येतं, कारण बाळाचं डोकं खाली सरकलेलं असतं. आमच्याकडे आज्या म्हणायच्या "पोट उतरलं", ते शंभर टक्के खरं निरीक्षण होतं.

टेपने मोजलं तर साधारण चोविसाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्यापर्यंत एक सोपा मेळ बसतो, जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन इकडे दोन तिकडे. म्हणजे ३२ आठवड्यांना ३० ते ३४ मधलं काहीही ठीक.

आता हे दोन-दोन का सोडायचे, तर मोजताना खूप काही गडबडतं. लघवीची पिशवी भरलेली असेल तर गर्भाशय वर ढकललं जातं आणि आकडा दोन-तीन सेंटिमीटर वाढतो, म्हणून आधी लघवीला जाऊन यायला सांगतात (आमच्या ओपीडीत रांगेतला नंबर जाईल म्हणून बायका जायच्याच नाहीत, मग झोपल्यावर परत उठवायचं, मागची बाई वैतागायची). पोटावर चरबी जास्त असेल तर टोकच नीट लागत नाही. गर्भाशय बहुतेक वेळा उजवीकडे कललेलं असतं, ते हाताने मधे आणून मोजायचं असतं. आणि मोजणाऱ्याच्या मनातला आकडा! बत्तीस आठवडे आहेत हे आधीच माहीत असलं की टेप आपोआप बत्तिसावर येते, म्हणून शिकवताना आम्हाला सांगायचे की टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवून मोजा आणि मग उलटून वाचा.

म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चढती रांग महत्त्वाची. घरात भिंतीवर पोरांची उंची पेन्सिलने लिहितो ना, एका खुणेवरून काही कळत नाही, पण दर वाढदिवसाची खूण थोडी वर जातेय की तिथेच अडकलीय हे बघितलं की कळतं. तसंच. तीन-चार आठवडे आकडा हललाच नाही किंवा सरळसरळ तीनच्या वर फरक पडला तर मग सोनोग्राफी सांगतात. कमी भरलं तर चुकलेली तारीख, कमी वाढणारं बाळ, कमी पाणी किंवा आडवं बाळ. जास्त भरलं तर परत चुकलेली तारीखच, नाहीतर जुळी, जास्त पाणी, गर्भाशयातली गाठ, साखर वाढल्यामुळे मोठं झालेलं बाळ. दोन्हीकडे पहिलं कारण तेच आहे बघा.

भाचीचं गर्भाशय डॉक्टरांनी ३२ लिहिलं होतं. चौतीस धरले तर दोन मागे, साडेबत्तीस धरले तर जागच्या जागी. सोनोमधलं वजन १ किलो ९५० ग्रॅम होतं, तेही तसंच. चौतीस आठवड्यांच्या तक्त्यात हे बाळ अगदी तळाच्या दहा टक्क्यांत जातं आणि "वाढ खुंटली का" असा शेरा पडू शकतो, बत्तीस-साडेबत्तीसच्या तक्त्यात तेच बाळ आरामात मधल्या पट्ट्यात बसतं. बाळ तेच, वजन तेच, फक्त वर लिहिलेला आठवडा वेगळा.

## सोनोग्राफी असताना टेप कशाला मग?

हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि थोडा रागानेच विचारतात, एवढे पैसे भरून मशीन असताना सिस्टर टेप काय लावतात. तर सोनोग्राफी गरोदरपणात तीन-चार वेळा होते, टेप प्रत्येक भेटीला. पाड्यावरच्या उपकेंद्रात मशीन नाही, टेप आहे. आणि सोनोचं वजनसुद्धा मोजलेलं वजन नाही हं, डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून गणिताने काढलेला अंदाज आहे, त्यात दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे होतंच. दोन किलोचं बाळ म्हणजे पावणेदोनही असेल, सव्वादोनही असेल. म्हणून वाढ बघायची सोनो आठवड्याभरात परत करून उपयोग नसतो, मशीनची चूकच वाढीपेक्षा मोठी ठरते. निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

## प्रेझेंटेशन: दाराशी कोण उभं आहे

बाळाचा जो भाग खाली, बाहेर यायच्या वाटेच्या तोंडाशी आहे, ते प्रेझेंटेशन. डोकं असेल तर सेफॅलिक, कुणी व्हर्टेक्स लिहितात, आपल्या कामापुरतं एकच धरा. ढुंगण किंवा पाय असतील तर ब्रीच. बाळ आडवं असेल तर ट्रान्सव्हर्स.

ब्रीचला आपल्याकडे पायाळू म्हणतात आणि त्याच्याभोवती केवढ्या गोष्टी, पायाळूवर वीज पडते, पायाळूने पाठीला लाथ मारली की उसण जाते. लाथेचं मला माहीत नाही, पण सव्विसाव्या आठवड्याच्या सोनोत "ब्रीच" वाचून सासू घरात जाहीर करते की पायाळू येणार, त्याला काही अर्थ नाही. त्या वेळी आत जागा भरपूर आणि बाळ छोटं, ते मोठ्या गोधडीत झोपलेल्या लहान पोरासारखं रात्रभर डोकं इकडे पाय तिकडे करत असतं. अठ्ठाविसाव्या आठवड्याला साधारण चार-पाच बाळांतलं एक ब्रीच असतं, पूर्ण दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच राहतात. बाकीची आपली आपण फिरतात, कुणी काही केलं म्हणून नाही.

म्हणून ३६ च्या आधी ब्रीच लिहिलेलं असेल तर फक्त पुढच्या वेळी परत बघायचं. छत्तीस-सदतीसला अजून ब्रीच असेल तर मग डॉक्टरांशी नीट बोलायचं. काही ठिकाणी बाहेरून पोटावर हाताने दाब देऊन बाळ फिरवतात, साधारण निम्म्या वेळा जमतं, पण ते सोनोग्राफी लावून, ठोके बघत, आणि लागलं तर तिथल्या तिथे सिझर करता येईल अशाच ठिकाणी करतात. गावातल्या चोळणाऱ्या बाईकडून पोट फिरवून घेऊ नका. वार सुटून आत रक्तस्राव झालेला मी बघितलाय, एकदाच, पण तो एकदाच पुरतो.

भाचीचं सेफॅलिक होतं, विषय संपला.

## फ्लोटिंग, फिक्स, एंगेज्ड: बांगडी चढली का?

आता "तरंगतंय" कडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फोन याचेच.

बांगडी भरताना आठवा. बोटं आत जातात, मग हाताचा सगळ्यात रुंद भाग येतो, अंगठ्याच्या सांध्याजवळचा, तिथे कासारीण हात दाबून चोळून बांगडी पुढे सरकवते, आणि तो भाग एकदा पार झाला की बांगडी मनगटावर सरकन येते. कमरेच्या हाडांचं कडं म्हणजे बांगडी आणि बाळाचं डोकं म्हणजे हात. डोक्याचा सगळ्यात रुंद भाग, दोन्ही कानांच्या वरून आडवा मोजला तर साधारण साडेनऊ सेंटिमीटर, त्या कड्यातून खाली गेला की डोकं एंगेज झालं म्हणायचं. अजून कड्याच्या वर आहे आणि हाताने हलवलं तर इकडून तिकडे हलतंय, ते फ्लोटिंग. मधली अवस्था, म्हणजे टेकलंय, हलत नाही पण रुंद भाग पार झालेला नाही, त्याला फिक्स म्हणतात.

कागदावर ५/५, ३/५ असं लिहिलेलं असतं ते याचंच माप. डोक्याचे मनात पाच भाग करायचे आणि पोटावरून किती भाग हाताला लागतात ते लिहायचं. पाचही लागले तर पूर्ण वर, दोन किंवा कमी लागले तर एंगेज्ड. इथे आकडा कमी होणं चांगलं असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एकदा एक नवरा माझ्याशी भांडला होता की मागच्या वेळी पाचपैकी पाच होते, आता दोनच कसे.

पहिलटकरणीचं डोकं साधारण ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान खाली बसतं, सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणींचं. दुसरी-तिसरी खेप असेल तर कळा सुरू झाल्यावरसुद्धा बसतं आणि तेही नॉर्मलच. साडेबत्तीस आठवड्यांना फ्लोटिंग असणं म्हणजे सातवीतल्या मुलाला अजून मिशी आली नाही म्हणण्यासारखं आहे.

उलट एक गैरसमजही आहे, एंगेज्ड लिहिलं म्हणजे आज-उद्या कळा येणार. असं काही नाही, डोकं बसून तीन आठवडे तसंच राहिलेल्या कितीतरी बायका बघितल्यात, बॅग भरून दाराशी ठेवलेली.

## पण अडतीसला पण वरच असेल तर सिझर ना?

नाही, लगेच नाही. पहिल्या खेपेला दिवस भरत आले तरी डोकं पूर्ण वर असेल तर डॉक्टर कारण शोधतात. वार खाली वाटेत आलीय का, पाणी जास्त आहे का, बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आहे का (तेव्हा डोकं नीट वाकत नाही, म्हणजे जास्त रुंद बाजू पुढे येते), कडं लहान आहे का, आणि हो, तारीख बरोबर आहे का. बऱ्याच वेळा यातलं काहीच सापडत नाही आणि कळा सुरू झाल्यावर डोकं खाली येतं. बांगडी भरताना हात सैल सोडला की जाते ना, तसं कळांमध्ये डोक्याची हाडंही थोडी एकमेकांवर सरकतात, बाईच्या सांध्यांनाही थोडी ढील मिळते. कडं आणि डोकं जुळतंय का हे आधी नुसतं मोजून नक्की सांगता येत नाही, ते कळांमध्येच कळतं. एक मात्र लक्षात ठेवा, डोकं वर आहे आणि पाणी गेलं तर घरी कळांची वाट बघत बसायचं नाही, पडून राहून लगेच दवाखान्यात जायचं, कारण पाण्याबरोबर नाळ खाली घसरायची भीती असते.

## प्लासेंटा ग्रेड: वारेचे पांढरे केस

पहिल्यांदा शब्द नीट करू. प्लासेंटा म्हणजे वार. नाळ म्हणजे वारेपासून बाळाच्या बेंबीपर्यंतची दोरी. बोलताना आपण दोन्हीला नाळच म्हणतो आणि मग "नाळ पिकली" असं काहीतरी तयार होतं.

वारेत दिवस जातात तसे कॅल्शियमचे बारीक ठिपके जमतात, सोनोत ते पांढरे दिसतात. किती आणि कसे जमलेत त्यावरून शून्य ते तीन अशी ग्रेड देतात, १९७९ मध्ये ग्रॅनम नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. शून्य म्हणजे एकसारखी गुळगुळीत, एक म्हणजे तुरळक ठिपके, दोन म्हणजे बुडाशी पांढऱ्या रेघा, तीन म्हणजे पांढऱ्या कडांनी वारेचे कप्पे पडल्यासारखे दिसतात. दिवस भरताना ग्रेड ३ दिसणं नेहमीचंच.

तेव्हा यावरून बाळाची फुप्फुसं तयार झाली का हे ओळखायचा विचार होता. पुढे अनुभवाने कळलं की नुसत्या ग्रेडवर तेवढा भरवसा टाकता येत नाही. हे पांढऱ्या केसांसारखं आहे. केस पांढरे दिसले की वयाचा ढोबळ अंदाज येतो, पण तिशीत पांढरे झालेला माणूस ऑफिसात जोरात काम करत असतो आणि साठीत काळेभोर केस असलेला गुडघे धरून बसलेला असतो. वार काम किती करतेय हे ग्रेडवरून कळत नाही. ते कळतं बाळाच्या वाढीवरून, भोवतीच्या पाण्यावरून, आणि गरज असेल तर डॉपलरवरून, म्हणजे नाळेतून रक्त कसं वाहतंय ते बघणाऱ्या सोनोवरून.

अपवाद आहे. ३२-३४ च्या आतच ग्रेड ३ दिसली, त्यातून आईचं बीपी वाढलंय, किंवा ती तंबाखू, मिश्री लावते, किंवा बाळाची वाढ मंद आहे, तर डॉक्टर जास्त जवळून लक्ष ठेवतात. इथेही घाबरायचं कारण ग्रेड नाही, तिच्याबरोबर आलेली बाकीची माणसं आहेत.

भाचीची ग्रेड २ थोडी लवकर होती, नाही म्हणणार नाही. पण बीपी ११० बाय ७०, लघवीत प्रथिनं नाहीत, पाण्याचा आकडा १२ (५ ते २५ मधे चालतो), बाळ दिवसभर लाथा मारतंय. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी परत वाढ बघायला बोलावलं, वजन २ किलो ३५० भरलं, बास. पुढे एका रात्री परत फोटो, "मावशी, आता ग्रेड ३!" मी विचारलं आठवडे किती. म्हणाली, सुधारलेल्या तारखेने ३८ आणि २ दिवस. म्हटलं झोप आता.

अजून एक घोटाळा. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर त्यालाही काही डॉक्टर ग्रेड १ ते ४ म्हणतात. ती वेगळी गोष्ट, तिथे प्रश्न जागेचा आहे, वयाचा नाही, आणि तिच्यात रक्त जायचा धोका खरा असतो. रिपोर्टमध्ये "लो लाइंग" किंवा "प्रिव्हिया" हा शब्द आहे का एवढं बघा. पाचव्या महिन्यात लो लाइंग असलेली वार बहुतेक वेळा गर्भाशय वाढताना वर सरकते, म्हणून बत्तिसाच्या आसपास परत बघतात.

आणि अँटिरिअर-पोस्टिरिअर म्हणजे वार पुढच्या भिंतीला चिकटलीय की मागच्या, बास एवढंच. त्यावरून मुलगा-मुलगी ओळखणारे महाभाग प्रत्येक घरात एक असतो. वार पुढे असेल तर फक्त लाथा जरा मऊ आणि उशिरा जाणवतात, उशी मधे असल्यासारख्या. लिंग सांगणं-विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, कुठला डॉक्टर ते असं कोड्यात लिहून ठेवेल?

## डॉक्टर हे सांगत का नाहीत?

सांगायला पाहिजे, मान्य. पण दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्या दिवशीची रांग एकदा बघा. एकेकीला चार मिनिटं मिळाली तरी खूप. त्यामुळे आत जाताना तीनच प्रश्न न्या: पहिल्या सोनोप्रमाणे मला आज किती आठवडे झाले, बाळाची वाढ त्या आठवड्यांना जुळतेय का, परत कधी दाखवायचं. आणि पहिल्या सोनोचा रिपोर्ट फाइलच्या सगळ्यात वर लावा, नवीन सेंटरला गेलात तर पाळीच्या तारखेबरोबर तोही टेबलावर ठेवा. भाचीने एवढं केलं असतं तर त्या रात्रीचा फोन आला नसता.

मात्र काही गोष्टींना रिपोर्ट वाचत बसायचंच नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, किंवा पोट दगडासारखं कडक होऊन सुटत नाहीये, तर कालच्या रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल लिहिलेलं असलं तरी निघायचं. सोनो फक्त त्या दिवसापुरतं सांगते. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला फोटो पाठवू नका, १०८ ला फोन लावा.